वरच्या पट्टीत लीड किरकिरतो तो का? सॅच्युरेशन प्लगिनमधलं ओव्हरसॅम्पलिंग

भीमगीत असो, वरातीचं गाणं असो की गोंधळाचा नवा ट्रॅक, लातूर-नांदेड-बीडकडच्या घरगुती स्टुडिओत कीबोर्डच्या लीडवर सॅच्युरेशन लावणं आता नेहमीचंच झालंय. मधल्या सप्तकात त्याने लीड भरदार होतो आणि ढोलकी-हलगीच्या गर्दीतही वर उठून दिसतो. तोच लीड कीबोर्डच्या उजव्या टोकाकडे सरकला की मात्र सुराला किरकिर लागते. सूर बरोबर असतो, पण त्याच्या मागे काहीतरी बेसूर कुजबुजत राहतं. मग ईक्यूने वरचा भाग कापून बघितला जातो. त्याने लीडची चमक जाते आणि किरकिर तिथेच राहते.

ही किरकिर बहुतेक वेळा अलियासिंगची असते. प्लगिनमधलं `2x`, `4x`, `8x` किंवा `HQ` असं लिहिलेलं ओव्हरसॅम्पलिंगचं बटण तिच्यासाठीच दिलेलं असतं. ते कुठे लावायचं, किती लावायचं आणि लावल्यावर दुसरं काय बिघडतं, ते एका लीडचं उदाहरण धरून पाहू. सगळे आकडे 48,000 हर्ट्झच्या प्रोजेक्टचे आहेत. तुमचं प्रोजेक्ट 44,100 चं असेल तर आकडे बदलतील, हिशोब तोच राहील.

किरकिर येते कुठून

48,000 च्या प्रोजेक्टमध्ये एका सेकंदाला 48,000 सॅम्पल असतात, म्हणून त्यात जास्तीत जास्त 24,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. या निम्म्या आकड्याला नायक्विस्ट मर्यादा म्हणतात. रेकॉर्डिंगच्या वेळी अडचण येत नाही, कारण ऑडिओ इंटरफेस मर्यादेवरचा आवाज आत घेण्याआधीच गाळून टाकतो. सॅच्युरेशन प्लगिनचं तसं नसतं. तो कॉम्प्युटरच्या आत नवीन आवाज तयार करतो, आणि तयार करताना त्याला ही मर्यादा ठाऊक नसते.

लहरीचा माथा दाबला किंवा कापला की मूळ सुराच्या पटीतले नवे सूर जन्माला येतात. त्यांना हार्मोनिक म्हणू. वरची आणि खालची बाजू सारखीच कापली तर विषम पटीतले येतात: तिप्पट, पाचपट, सातपट असे पुढे. खूप जोरात कापून लहर जवळजवळ चौकोनी झाली, तर तिसरं हार्मोनिक मूळ सुराच्या एक तृतीयांश जोराचं, नववं एक नवमांश जोराचं, अशी त्यांची ताकद हळूहळू उतरत जाते. गणितात ही रांग कुठे थांबत नाही. 24,000 च्या वरचे सूरही तयार होतातच, पण सॅम्पलमध्ये त्यांना जागा नसते. जागा नाही म्हणून ते नाहीसे होत नाहीत. 24,000 च्या रेषेवर आपटून तेवढेच खाली येतात: 25,000 चा सूर 23,000 वर दिसतो, 45,000 चा थेट 3,000 वर. यालाच अलियासिंग म्हणतात. मोबाइलने काढलेल्या व्हिडिओत टेबलफॅनची पाती कधी कधी उलटी फिरताना दिसतात, तो याच दुखण्याचा डोळ्यांना दिसणारा प्रकार आहे.

आता खरा लीड घेऊ. 61 कळांच्या कीबोर्डची अगदी शेवटची कळ, म्हणजे पांढरी एकचा वरचा सा, 2,093 हर्ट्झची. आवाज शिट्टीसारखा साधा, त्यावर जोरदार क्लिपिंग. अकरावं हार्मोनिक 23,023 वर येतं, तोवर सगळं जागच्या जागी आहे. तेरावं 27,209 चं व्हायला हवं, ते दुमडून 20,791 वर जातं. तिथे फारसं कुणाला ऐकू येत नाही. पुढची मात्र ऐकू येणाऱ्या भागात खाली खाली उतरतात. एकोणिसावं 8,233 वर, एकविसावं 4,047 वर, तेविसावं 139 वर. पंचविसावं परत वर चढून 4,325 ला थांबतं. या सुराचा वरचा षड्ज 4,186 चा आहे. त्याच्या खाली 139 हर्ट्झवर एक आगंतुक आणि वर 139 हर्ट्झवर दुसरा. ते ना षड्जात बसतात ना कोमल रिषभात. किरकिर म्हणतात ती हीच. जोर पाहिला तर लहर पूर्ण चौकोनी असताना हे आगंतुक मूळ सुरापेक्षा साधारण 26 ते 28 डेसिबल खाली असतात. भरगच्च मिक्समध्ये एवढं दबून जाईल असं वाटतं. पण 4,000 च्या आसपास कान सगळ्यात तिखट असतो, आणि वरातीच्या सेटअपमधले हॉर्नही नेमके तिथेच ओरडतात.

खालचे सूर या त्रासातून का सुटतात, तेही यातच आहे. मधल्या पांढरी एकचा सा 261.6 हर्ट्झचा असतो. त्याचं 24,000 ओलांडणारं पहिलं विषम हार्मोनिक 93 वं. तिथपर्यंत ताकद उतरून ते मूळ सुरापेक्षा 39 डेसिबल खाली गेलेलं असतं, आणि दुमडलं तरी 23,700 च्या आसपास पडतं. ते कुणालाच ऐकू येत नाही. प्लगिन तोच, ड्राइव्ह तोच, तरी खाली गुळगुळीत आणि वर खरखरीत, त्यामागे एवढंच कारण आहे.

कानाने खात्री करायची सगळ्यात सोपी युक्ती पिच व्हीलची. वरचा एक सूर धरून ठेवा आणि व्हील हळूच वर न्या. खरी हार्मोनिक सुराबरोबर वर चढतात, दुमडलेल्यांपैकी बरीच उलटी खाली घसरतात. वरच्या उदाहरणात सूर फक्त अर्धा स्वर वर, 2,217.5 वर नेला की एकविसाव्याचं भूत 4,047 वरून 1,433 वर येतं. सूर चढताना मागे एखादी बारीक शिट्टी खाली उतरताना ऐकू आली, तर दुसरा पुरावा नको.

आधी डोळ्यांनी बघून घ्या

ज्या प्लगिनवर शंका आहे तो तपासण्याआधी अलियासिंग स्वच्छ दिसतं कसं, हे माहीत हवं. त्यासाठी ओव्हरसॅम्पलिंग अजिबात नसलेला एक कच्चा क्लिपर लागतो. रीपरमध्ये तो मोजक्या ओळींत होतो. `Options` मेनूतून `Show REAPER resource path` उघडा, आतल्या `Effects` फोल्डरमध्ये दोन साध्या टेक्स्ट फाइल बनवा, आणि रीपर बंद करून पुन्हा सुरू करा. पहिली फाइल सूर देणारी:

```
desc:Test Sine
slider1:5000<20,20000,1>Freq (Hz)
slider2:-12<-60,0,0.1>Level (dB)
@slider
a = 10^(slider2/20);
@sample
spl0 = a*sin(p);
spl1 = spl0;
p += 2*$pi*slider1/srate;
p > 2*$pi ? p -= 2*$pi;
```

दुसरी कापणारी:

```
desc:Raw Clipper
slider1:24<0,36,0.1>Drive (dB)
@slider
g = 10^(slider1/20);
@sample
spl0 = max(-0.5, min(0.5, spl0*g));
spl1 = max(-0.5, min(0.5, spl1*g));
```

`Alt+Enter` दाबून प्रोजेक्ट सेटिंग उघडा, `Project sample rate` वर टिक करून 48000 टाका. रिकाम्या ट्रॅकवर आधी Test Sine, मग Raw Clipper, शेवटी स्पेक्ट्रम दाखवणारं काहीही. व्हॉक्सेन्गोचा स्पॅन फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतो. स्पॅनमध्ये एक गोष्ट बदलावीच लागते. त्याचा आलेख मुळात वरच्या बाजूला उचलून दाखवलेला असतो, म्हणून `Slope` शून्यावर आणा, नाहीतर डेसिबलचे आकडे फसवतील. `Block Size` 8192 किंवा त्याहून मोठा ठेवा, म्हणजे रेषा बारीक दिसतील. आणि हेडफोनचा आवाज आधी कमी करा. चौकोनी लहर मीटरवर दिसते त्यापेक्षा कानाला फार जड असते.

क्लिपर बंद असताना 5,000 वर एकच रेषा दिसते. तो चालू केला की 15,000 वर तिसरं हार्मोनिक येतं. खरं तर एवढंच दिसायला हवं होतं, कारण पाचवं 25,000 चं, मर्यादेच्या बाहेरचं. पण पडद्यावर रेषांची रांग लागते: पाचवं 23,000 वर, सातवं 13,000 वर, नववं 3,000 वर, अकरावं 7,000 वर. यातली 3,000 ची रेषा नीट बघा. ती मूळ सुरापेक्षा फक्त 20-21 डेसिबल खाली आहे, आणि मूळ सुराच्याही खाली आहे. क्लिपिंगमधून येणारं कुठलंच हार्मोनिक मूळ सुराच्या खाली येऊ शकत नाही, म्हणून साध्या एका सुराच्या डावीकडे दिसणारी रेषा म्हणजे अलियासिंगच.

आता `Freq` हळूहळू सरकवा. 5,000 वरून 5,100 केलं की 15,000 ची रेषा उजवीकडे जाऊन 15,300 होते आणि 3,000 ची डावीकडे पळून 2,100 होते. उलट्या दिशेने पळणाऱ्या रेषा एकदा ओळखता आल्या की पुढचं काम सोपं आहे. Raw Clipper काढा, त्याच जागी तुमचा नेहमीचा सॅच्युरेशन प्लगिन टाका, ड्राइव्ह गाण्यात ठेवता तेवढाच ठेवा आणि `Freq` परत फिरवून बघा. प्लगिनमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचं बटण असेल तर एकेक पायरी चढवत उलट्या रेषा किती खाली जातात ते लिहून ठेवा. मूळ सुरापेक्षा 60 डेसिबल खाली गेल्या की मिक्समध्ये त्यांची काळजी करायचं कारण नाही. काही प्लगिनमध्ये बटण नसतं पण आतल्या आत ओव्हरसॅम्पलिंग सुरू असतं, तेही इथेच कळतं.

आत नेमकं काय घडतं

`4x` लावलं की प्लगिन प्रत्येक दोन सॅम्पलच्या मध्ये तीन नवीन सॅम्पल घालतो आणि एका फिल्टरने त्यांची लहर गुळगुळीत करतो. आतला वेग झाला 1,92,000 आणि आतली मर्यादा 96,000. क्लिपिंग या वेगात होतं. 27,209 चं तेरावं हार्मोनिक आता दुमडत नाही, आपल्या खऱ्या जागी राहतं. मग दुसरा फिल्टर 24,000 च्या वरचं सगळं गाळतो, आणि मगच चारातलं एक सॅम्पल ठेवून बाकीचे टाकले जातात. हा क्रम महत्त्वाचा आहे. गाळणं आधी, टाकणं नंतर. उलट केलं तर सगळं पुन्हा दुमडेल.

इथे एक फायदा सहसा लक्षात येत नाही. आतली मर्यादा 96,000 असली तरी तिच्या जरा वर जाणारं हार्मोनिक दुमडून 96,000 च्या जरा खाली पडतं, आणि ते दुसऱ्या फिल्टरमध्ये गाळलं जातं. ऐकू येणाऱ्या 20,000 च्या खाली यायला त्याला 1,72,000 च्या वर जावं लागतं. आपल्या 2,093 च्या सुरासाठी ते 83 वं हार्मोनिक झालं. ओव्हरसॅम्पलिंग नसताना 20,000 च्या खाली घुसणारं पहिलं होतं पंधरावं.

किती पट लावायचं

याचं उत्तर कापण्याच्या पद्धतीवर आणि सुराच्या उंचीवर ठरतं, प्लगिनच्या किमतीवर नाही.

लहर सरळ रेषेत कापणारे हार्ड क्लिपर आणि फझ सगळ्यात हट्टी असतात. त्यांच्या हार्मोनिकची ताकद सावकाश उतरते. आपल्या लीडवर लहर पूर्ण चौकोनी धरली तर ऐकू येणारं सगळ्यात मोठं भूत ओव्हरसॅम्पलिंगशिवाय मूळ सुरापेक्षा सुमारे 23 डेसिबल खाली असतं, `4x` ला 38 आणि `8x` ला 45 डेसिबल खाली. म्हणजे दर दुपटीला जेमतेम सहा-सात डेसिबलचा फायदा. प्रत्यक्षात कापलेल्या लहरीच्या बाजू थोड्या उतरत्या असतात, म्हणून आकडे याहून चांगले येतात. तरी कल असाच राहतो, आणि म्हणून अशा प्लगिनवर वरच्या लीडसाठी `8x` ही चैन नाही.

टेप किंवा ट्यूबच्या नावाने येणारे मऊ सॅच्युरेशन प्लगिन लहर हळूहळू वाकवतात. त्यांची वरची हार्मोनिक फार वेगाने विरतात. म्हणून बेताच्या ड्राइव्हवर `2x` ला बराचसा आणि `4x` ला जवळजवळ सगळा त्रास संपतो. तिथे `16x` लावून लॅपटॉप तापवण्यात काही हाशील नाही. मऊ प्लगिनचा ड्राइव्हही टोकाला नेला तर तो कठोर क्लिपरसारखाच वागायला लागतो, हे मात्र विसरू नका.

उरलेल्या ट्रॅकचं थोडक्यात. बासवर `1x` किंवा `2x` पुरतं, कारण कळलंच असेल. ढोलकी, हलगी, संबळ यांच्या थापेत मुळातच सगळ्या वारंवारितांचा गोंगाट असतो, त्यात बेसूर भूत वेगळं ओळखू येत नाही. `2x` ठेवून पुढे चला. गायकाच्या आवाजात सूर खालचा असला तरी स आणि श चा फुत्कार 6,000 ते 9,000 च्या आसपास असतो. 7,000 चा पाचवा हार्मोनिक 35,000 चा, तो दुमडून 13,000 वर येतो. म्हणून गायकीवर `4x`, आणि डीएसर सॅच्युरेशनच्या आधी. सनई आणि बासरीचे सॅम्पल लीडसारखेच वागवा. बिटक्रशर नावाच्या प्लगिनवर ओव्हरसॅम्पलिंग शोधू नका. किरकिर हाच त्याचा धंदा आहे.

सगळ्या ट्रॅकवर सगळीकडे `8x` ठेवायचा मोह आवरा. आतलं गणित आठपट होतं, वर दोन फिल्टरचा खर्च. मे महिन्यात 42 अंशांच्या उन्हात पत्र्याच्या खोलीतला लॅपटॉप आधीच स्वतःला सांभाळायला वेग कमी करत असतो. त्यात लाइट गेली आणि तो बॅटरीवर आला की आणखी मंदावतो. ज्या ट्रॅकवर उलट्या रेषा दिसल्या तिथेच लावा, आणि तो ट्रॅक ठरला की फ्रीझ करून टाका. काही प्लगिनमध्ये वाजवताना वेगळं आणि रेंडर करताना वेगळं ओव्हरसॅम्पलिंग ठेवता येतं. ही सोय चांगली आहे, पण मग रेंडर झालेली फाइल पूर्ण ऐकल्याशिवाय पुढे पाठवू नका. कारण तुम्ही मिक्स करताना जे ऐकलं आणि फाइलमध्ये जे आलं, ते तंतोतंत सारखं नसतं. किरकिर गेली की लीड थोडा अंधारा वाटतो. भुतांमुळे आलेली खोटी चमकही तिच्याबरोबर जाते. ती हवीशी वाटली तर ईक्यूने 6,000 च्या वर एखाद डेसिबल उचला. निदान ती सुरात तरी असेल.

लावल्यावर काय बिघडू शकतं

पहिली गोष्ट म्हणजे छत फुटणं. क्लिपर −0.3 डेसिबलवर लावला असताना मीटरवर +0.8 दिसलं की लोक प्लगिनला नावं ठेवतात. क्लिपिंग आत बरोबर झालेलं असतं. पण नंतरच्या फिल्टरने वरची हार्मोनिक गाळली की चौकोनी माथ्याच्या कोपऱ्यावर लहर पुन्हा वर उसळी मारते. पूर्ण चौकोनी लहरीत ही उसळी जवळजवळ दीड डेसिबलपर्यंत जाते. म्हणून ओव्हरसॅम्पलिंग चालू असलेल्या क्लिपरला शेवटचा पहारेकरी समजू नका. त्याच्या मागे ट्रू पीक मोजणारा लिमिटर हवा, किंवा क्लिपरच्या आउटपुटवर दीड डेसिबलची सवलत हवी.

दुसरं, उशीर. प्लगिनच्या सेटिंगमध्ये `Linear Phase` आणि `Minimum Phase` असे पर्याय असतील तर लिनियर फेज सगळ्या वारंवारितांना सारखाच उशीर करतो. मिक्सिंगमध्ये डीएडब्ल्यू तो उशीर स्वतः भरून काढतो. पण कीबोर्डवाला त्याच ट्रॅकमधून स्वतःला ऐकत रेकॉर्ड करत असेल तर तो भरून निघत नाही, आणि हात मागे पडल्यासारखे वाटतात. रेकॉर्ड करताना प्लगिन `1x` वर किंवा मिनिमम फेजवर ठेवा, नंतर बदला.

मिनिमम फेजचीही एक खोडी आहे. तो वरच्या टोकाजवळच्या वारंवारितांना जरा जास्त मागे ढकलतो. एकटा ट्रॅक असेल तर फरक कळतही नाही. पण लीडची कॉपी करून एक साफ आणि एक सॅच्युरेटेड असे दोन ट्रॅक मिसळले, तर वरच्या भागात काही वारंवारिता एकमेकींना खातात आणि लीड पोकळ वाटतो. समांतर सॅच्युरेशन करायचं असेल तर प्लगिनचाच `Mix` नॉब वापरा, नाहीतर लिनियर फेज निवडा.

प्लगिनमध्ये बटणच नसेल तर

जुने फुकट प्लगिन अनेकांच्या आवडीचे असतात आणि त्यांत ही सोय नसते. रीपरच्या नव्या आवृत्त्यांत कुठल्याही प्लगिनला डीएडब्ल्यूकडूनच ओव्हरसॅम्पलिंग देता येतं. प्लगिनची इंटरफेस जुनी असली तरी चालतं, आणि वरच्या चाचणीत फरक लगेच दिसतो. ती सोय नसेल तर फक्त तो ट्रॅक 96,000 च्या वेगळ्या प्रोजेक्टमध्ये नेऊन प्लगिनसह रेंडर करा आणि 48,000 मध्ये परत आणा. हे आपोआप `2x` झालं.

तिसरा मार्ग सगळ्यात स्वस्त आणि बऱ्याचदा पुरेसा आहे: प्लगिनच्या आधी गाळणं. लीडवर आधी ईक्यूचा लो-पास 5,000-6,000 च्या आसपास लावा, मग सॅच्युरेशन. आत जाणाऱ्या आवाजातला वरचा भाग कमी झाला की दुमडायला लागणारी हार्मोनिकही कमी होतात. शिट्टीसारख्या साध्या सुराला याचा फारसा उपयोग नाही, कारण त्याच्यात वरचं काही नसतंच. तिथे ड्राइव्ह कमी करणं हाच इलाज. मात्र सॉ लहरीच्या तेज लीडला यातून मोठा फरक पडतो. ईक्यू सॅच्युरेशनच्या नंतर लावला तर काही उपयोग नाही. 4,047 वर पडलेलं भूत आणि 4,186 चा खरा सूर एकमेकांना चिकटून आहेत, एकाला कापलं की दुसरा जातोच. दुमडलेलं परत उलगडत नाही.

किरकिर अलियासिंगची नसेल तर

`8x` लावूनही खरखर जशीच्या तशी राहिली तर कारण दुसरं आहे. बेंजो हे त्याचं चांगलं उदाहरण. मेलडीच्या तारांबरोबर त्याच्या ड्रोनच्या ताराही घुमत असतात. दोन सूर एकत्र क्लिपरमध्ये गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात, आणि ड्रोन जरा जरी उतरलेला असेल तर ते सगळे बेसूर निघतात. ते ऐकू येणाऱ्या भागातच जन्माला येतात, म्हणून ओव्हरसॅम्पलिंग त्यांना हात लावत नाही. ओळखायची खूण अशी: एकच सूर वाजवल्यावर किरकिर गेली आणि दोन सूर एकत्र आल्यावरच आली, तर ती ही. बेंजो आधी नीट लावून घ्या, ड्राइव्ह उतरवा. कीबोर्डवरच्या दोन सुरी लीडसाठी प्रत्येक सूर वेगळ्या ट्रॅकवर घेऊन स्वतंत्र सॅच्युरेट करा आणि मग मिसळा.

थांबून थांबून येणारे टिकटिक-चटचट आवाज वेगळेच. प्ले करताना येतात पण रेंडर केलेल्या फाइलमध्ये नसतात, तर लॅपटॉप दमलाय. बफर 512 किंवा 1024 करा. रेंडरमध्येही आहेत आणि सॅच्युरेशन बंद केल्यावरही आहेत, तर रेकॉर्डिंगच फाटलेलं आहे. तिथे लहर मोठी करून बघा. कीबोर्डचा लाइन आउट इंटरफेसच्या माइक इनपुटला जोडला असेल तर माथे सपाट कापलेले दिसतील, आणि ते ट्रॅक पुन्हा वाजवून घ्यावे लागतील.